मावशीला इंग्लिश बोलती करताना

प्रश्न: आमचा नऊ जणांचा संच आहे. गण, गवळण, बतावणी आणि छोटा वग असा दोन तासांचा प्रयोग आम्ही गावोगाव करतो. पुढच्या ऑगस्टमध्ये एडिंबरा फ्रिंजमध्ये आणि नंतर इंग्लंडमधल्या दोन छोट्या महोत्सवांत प्रयोग ठरले आहेत. वेळ 55 मिनिटं. सगळं इंग्लिशमध्ये करावं, की मराठीत करून वर पडद्यावर भाषांतर दाखवावं? गाण्यांचं काय करायचं? आणि मावशी प्रेक्षकांशी जे बोलते, ते तर लिहिलेलंच नाही, त्याचं भाषांतर कसं करणार?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यातूनच निघतात.

पडद्यावरचं भाषांतर वगाला चालेल, गवळणीला नाही. पडद्यावरची ओळ प्रेक्षक नटाच्या आधी वाचतो. मावशी शब्द उच्चारायच्या आत हशा येतो आणि तिचा शब्द त्या हशाखाली चिरडला जातो. शिवाय तिनं समोरच्या माणसाला काही विचारलं आणि त्यानं अनपेक्षित उत्तर दिलं, की पडदा मुका होतो. मग सगळं इंग्लिश करावं का? आम्ही पहिल्या खेपेला तेच केलं होतं. पुण्यात अमराठी मंडळींसमोर रंगीत तालीम घेतली. लोक सभ्यपणे हसले. नंतर एकानं विचारलं, "हे शाळेच्या स्नेहसंमेलनाचं आहे का?" त्याचं चुकलं नव्हतं. नऊच्या नऊ जण परक्या भाषेत बोलायला लागले, की सगळे सारखेच अवघडलेले दिसतात आणि त्यात मावशीचा ठसका वेगळा उठून दिसत नाही.

जमलं ते असं. इंग्लिश फक्त दोघांच्या तोंडी ठेवली, मावशी आणि पेंद्या. कृष्ण पूर्ण मराठीत, गवळणी गाण्यापुरत्या दोन्हीकडच्या. आणि पेंद्याला कृष्णाचा दुभाषी केला.

यामागे आणखी एक कारण होतं. आपल्याकडचा पेंद्या लंगडा, बोबडा किंवा तोतरा असतो आणि निम्मं हसू त्यावर वसूल होतं. तिथल्या प्रेक्षागृहात ते हसू येत नाही, लोक अंग चोरून बसतात. पण पेंद्यातलं व्यंग काढलं की त्याच्याकडे करायला काहीच उरत नाही. म्हणून त्याचं लंगडेपण पायातून काढून भाषेत घातलं. तो मालकाचं बोलणं चुकीचं सांगतो, कधी अज्ञानानं, बहुतेकदा लबाडीनं. कृष्ण हात पसरून दणक्यात म्हणतो, "मथुरेच्या वाटेवर दाण दिल्याशिवाय एकही माठ पुढं जायचा नाही!" पेंद्या प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, "ही सेज, वेलकम." कृष्ण त्याच्याकडे बघत राहतो. पेंद्या घसा खाकरतो, "ही सेज, वेलकम, दॅट विल बी ट्वेंटी पाऊंड्स." प्रेक्षकाला मराठी शब्द कळलेला नसतो, पण कृष्णाचा आवेश आणि पेंद्याची नरमाई यातला फरक त्याला दिसतो. भाषांतर खोटं आहे हे त्याला स्वतःलाच उमगतं, आणि तिथून तो खेळात सामील होतो. सोंगाड्याचं मूळ काम तरी वेगळं काय आहे? शाहीर म्हणतो एक आणि तो ऐकतो भलतंच.

आता गवळणीच्या आशयाबद्दल. आपल्या प्रेक्षकाला काही सांगावं लागत नाही. माठ डोक्यावर घेतलेल्या बायका दिसल्या की पुढं कान्हा वाट अडवणार, मावशी भांडणार, शेवट गोड होणार हे त्याला ठाऊक असतं, आणि कृष्ण देव आहे हेही. त्या ओळखीच्या पांघरुणाखाली सगळा चावटपणा खपतो. हे पांघरूण तिथं नसतं. कोऱ्या डोळ्यांना दिसतं ते एवढंच, की चार पोरं रस्त्यात बायकांना अडवून पैसे मागतायत. आमच्या दुसऱ्या प्रयोगाला एक बाई याच जागी उठून गेल्या.

यावर सुरुवातीला निवेदन जोडून कृष्णलीला समजावू नका. चार मिनिटं जातात आणि प्रयोगाचं प्रवचन होतं. आपल्या गवळणीतच औषध आहे, यशोदेकडे चहाडी करण्याची धमकी. ती आपण सहसा शेवटी वापरतो, आम्ही ती पहिल्या दोन मिनिटांत आणली. कृष्ण वाट अडवतो आणि सगळ्यात धाकटी गवळण, जिला एकच इंग्लिश वाक्य दिलं आहे, ती शांतपणे म्हणते, "आय विल टेल युअर मदर." कृष्णाचा हात तिथल्या तिथं खाली येतो. या एका वाक्यानं देव, दादागिरी, वय, सगळा हिशेब प्रेक्षकाला कळतो. हा पोरगा आईला भितो, म्हणजे बायकांना धोका नाही. पुढची वीस मिनिटं तो काहीही मागू शकतो.

शब्दांच्या कोट्यांकडे येऊ. बतावणीतल्या कोट्यांची यादी केलीत तर निम्म्याहून जास्त टाकाव्या लागतील, आणि त्यांचं दुःख करू नका. आमच्याकडे एक हुकमी वाक्य होतं: "पाटलाच्या म्हशीनं आटल्यावर दूध दिलं नाही, मत दिलं." इथं सगळी गंमत 'देणं' या क्रियापदात आहे. मराठीत म्हैस दूध देते आणि माणूस मत देतो. इंग्लिशमध्ये दूध 'गिव्ह' होतं आणि मत 'कास्ट'. सांधाच निखळतो. शिवाय आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे फटका आपोआप शेवटी बसतो. इंग्लिशमध्ये क्रियापद मधे येऊन जातं आणि फटक्यानंतर दोन-तीन शब्द शेपटासारखे लोंबत राहतात. म्हणून मी नटांना सांगतो की आधी शेवटचा शब्द ठरवा, मग वाक्य मागं मागं बांधत जा. ढोलकीची थापही त्या शेवटच्या शब्दानंतर, त्याच्यावर नाही. आपल्या ढोलकीवाल्याला क्रियापदाच्या चाहुलीवर थाप टाकायची सवय असते. इंग्लिशमध्ये तो अर्धा शब्द आधी येतो आणि विनोद गाडतो. हे जमायला आमच्याकडे आठ-दहा तालमी गेल्या.

पण कधी कधी नवी कोटी जुनीपेक्षा बरी निघते. मुळात आमचा संवाद असा होता:

कृष्ण: दाण द्या.
मावशी: दाणं? भाजलेलं का कच्चं?

इंग्लिशमध्ये दाण्याचा काही उपयोग नाही. बरेच दिवस 'टोल' शब्दाशी झटलो. शेवटी पेंद्याच्या तोंडी आलं, "पे द ड्यूटी." मावशी गजऱ्याला हात लावते, "व्हॉट ब्यूटी? मी?" इथं चुकीचं ऐकणं मावशीच्या स्वभावातून येतं. तिला दिवसभर हेच ऐकायचं असतं. दाण्याच्या कोटीत तेवढं नव्हतं. एक धोक्याची सूचना: पुढं कधी अमेरिकेत गेलात तर ही कोटी बदला. तिथं त्या शब्दाचा उच्चार 'डूडी'च्या जवळ जातो आणि 'डूडी' हा लहान मुलांचा शीचा शब्द. हशा येतो, पण भलत्याचाच.

आता मावशी आणि प्रेक्षक. हे भाषांतराचं काम नाही, नव्यानं बांधायचं काम आहे. आपल्याकडे मावशीला गाव माहीत असतं. सरपंच, एसटी स्टँड, रखडलेली पाण्याची टाकी, कोणत्या आळीचं कोणाशी वाकडं. तीच पूर्वतयारी तिथंही करावी लागते. प्रत्येक गावी एक दिवस आधी पोचा आणि मावशी करणाऱ्या नटाला बाजारात फिरवा. चहाच्या दुकानात लोक कशावर कुरकुरतायत ते ऐकून यायचं. एडिंबरात ऑगस्टचा पाऊस, महोत्सवात वाढणारं खोल्यांचं भाडं, चढावाचे रस्ते आणि हातात पत्रकं कोंबणारी पोरं यांवर कोणीही हसतं. ट्रामचा विषय जुना आहे. खर्च आणि उशीर यांवरून गाजलेली ती ट्राम 2014 मध्ये एकदाची सुरू झाली, पण नाव काढलं की स्थानिक माणूस अजून खुलतो. ग्लासगोशी असलेली चुरसही चालते, मात्र मावशीनं बाजू घ्यायची नाही. पाहुणी आहे ती. "ग्लासगो? इज दॅट द बिग वन?" एवढं म्हणून भोळा चेहरा करायचा, पुढचं लोक करतात.

प्रश्न विचारताना उत्तराची वाट अरुंद ठेवा. "कुठून आलात?" हा मोकळा प्रश्न आहे, त्याला शंभर उत्तरं येतात आणि नट परक्या भाषेत अडकतो. त्याऐवजी मावशी माठ पुढं करून विचारते, "हू वॉन्ट्स बटर?" याला मोजून चार गोष्टी होऊ शकतात आणि चारही आम्ही बसवल्या. कोणी हात वर केला तर मावशी त्याच्याकडे बघून गवळणीला म्हणते, "दॅट वन हॅज नो ब्रेड." कोणी "नो थँक यू" म्हटलं तर पेंद्या खूश होऊन म्हणतो, "ही सेज येस." कोणीच बोललं नाही, तर मावशी माठात डोकावून स्वतःशीच, "इट इज द बटर. इट इज नॉट मी." आणि चौथं उत्तर, जे तीनातल्या एका प्रयोगाला हमखास येतं: "इज इट व्हीगन?" मावशी दुखावल्या आवाजात, "माय काऊ हॅज नेव्हर इटन मीट इन हर लाइफ!" तेव्हा लोकांना वाटतं नटाला हे आत्ताच सुचलं. वाटू द्या.

पाचवं काही आलंच तर मावशीनं मराठीत सुटायचं. खुशाल दोन वाक्यं खणखणीत मराठी, आणि मग पेंद्याकडे वळून वाट बघायची. पेंद्या प्रेक्षकाला म्हणतो, "शी लाइक्स यू." ही आमची सुटकेची खिडकी. या एका सोयीमुळे मावशी करणाऱ्या नटाची इंग्लिशची धास्ती गेली. तो आधी प्रत्येक वाक्याआधी श्वास रोखायचा.

एक गोष्ट मी ठेच लागून शिकलो. आपल्याकडे मावशी पुढच्या रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्याला बिनदिक्कत विचारते, "एकटंच आलाय? कारभारीण कुठाय?" आम्ही ते तसंच इंग्लिशमध्ये नेलं. तिसऱ्या प्रयोगाला एका गृहस्थांनी हसतच उत्तर दिलं, की ती मार्चमध्ये गेली. सभागृह गोठलं. आमचा नट अनुभवी, त्यानं पदर सावरला, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि गवळणींना पुढचं पद घ्यायला खुणावलं. गाणं होईपर्यंत तो तिथंच बसून होता. प्रसंग निभावला, पण त्या रात्री आम्ही यादीतून घर, बायको, मुलं, वय, वजन आणि टक्कल सगळं काढलं. गावात मावशीला ते विचारायचा हक्क असतो, कारण अर्ध्या सभेला उत्तर आधीच माहीत असतं. परक्या गावात तो हक्क नाही. माणसाच्या हातातल्या वस्तूबद्दल विचारा: छत्री, पेला, कागद. छत्रीनं मावशी दहा मिनिटं काढू शकते.

तुमच्या मावशीला ब्रिटनमध्ये एक आयती गोष्ट मिळेल आणि तीच घातही करेल. तिथं नाताळच्या दिवसांत पँटोमाइम नावाचा कौटुंबिक खेळ चालतो. त्यात पुरुषानं केलेली एक भडक बाई असते आणि प्रेक्षक लहानपणापासून तिला ओरडून उत्तरं द्यायला शिकलेले असतात. "बिहाइंड यू!" हा त्यातलाच पुकारा. त्यामुळे मिशीची सावली असलेली मावशी आत आली की त्यांना लगेच काय करायचं ते समजतं. प्रतिसाद मिळतो म्हणून नट हळूहळू त्या बाईसारखं करायला लागतो. आवाज चढतो, भुवया नाचतात, चाल बदलते. आमच्या मावशीचं आठव्या प्रयोगापर्यंत असंच झालं. ओळखायचं कसं? मावशी गवळणींकडे बघेनाशी होते. आपली मावशी आधी पोरींची राखणदार असते, चावटपणा त्यानंतर. तिचं तोंड प्रेक्षकांकडे असलं तरी एक हात कायम मागं, पोरींच्या बाजूला हवा. तो हात सुटला की समजा पँटोमाइम सुरू झालं. आणि जिथं ही परंपराच नाही अशा देशात गेलात, तर तिथं ओरडायला कोणी शिकवलेलंच नसतं, म्हणून या प्रतिसादावर प्रयोगाची बांधणी करू नका.

गाणी. गण मराठीतच, एका शब्दाचंही भाषांतर नको. ढोलकी-हलगीची सलामी आणि गण मिळून चार मिनिटं. लोक बसतात, कान लावतात. गवळणीचं ध्रुपद मराठीत आणि अंतरे इंग्लिशमध्ये, असं आम्ही ठरवलं. ध्रुपदाची झील प्रेक्षकांना शिकवता येते, त्यासाठी ती तीन-चार अक्षरांची आणि शेवटी लांब स्वर असलेली हवी. आमची होती "वाट सोड ना". दुसऱ्या वेळेपासून सगळे म्हणतात. अर्थ सांगावा लागत नाही, गवळणी हातानं ढकलत असतातच.

इंग्लिश अंतरा लिहिणं हे खरं कष्टाचं काम. मराठी ओळ आपण अक्षरं ओढून, दाबून कुठंही बसवतो. इंग्लिशमध्ये प्रत्येक शब्दाचा जोर ठरलेला असतो आणि तो ठेक्याच्या जोरावर पडला नाही तर शब्दच ओळखू येत नाही. आठ मात्रांचा केरवा धरला तर जोर पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर आहे. आमची मूळ ओळ होती, "दही-दुधाचा माठ शिरी गं, दूर मथुरा राहिली." पहिलं इंग्लिश असं झालं: "वी आर कॅरिइंग पॉट्स टु द मार्केट ऑफ मथुरा." अर्थ बरोबर, पण गाऊन बघा. समेवर 'वी' येतो, पाचवीवर 'कॅरिइंग'चा मधला तुकडा, आणि तान घ्यायची जागा येते तेव्हा तोंडात 'ऑफ' असतो. ऐकणाऱ्याला फक्त 'ऑफ' ऐकू येतो.

मग ओळ सोडून दिली, नुसती चाल गुणगुणत टाळ्या वाजवल्या आणि प्रत्येक टाळीवर एकच एकाक्षरी, वजनदार शब्द ठेवायचा असं ठरवलं. निघालं ते असं: "मिल्क ऑन माय हेड अँड अ माइल टु गो." पहिल्या आवर्तनात 'मिल्क' समेवर, 'हेड' पाचवीवर, दुसऱ्यात 'माइल' समेवर, 'गो' पाचवीवर. मधले 'ऑन माय', 'अँड अ' हे हलके शब्द रिकाम्या मात्रांतून पळून जातात. मथुरा गेली, दही गेलं. डोक्यावरचं ओझं आणि उरलेली वाट राहिली, आणि गवळण त्याच्यावरच चालते.

शेवटचा शब्द 'गो' आहे हेही मुद्दाम. आपल्या ओळी आकारात, ईकारात संपतात, म्हणून सुरत्ये त्या वरच्या पट्टीत उचलून धरू शकतात. इंग्लिश ओळी बहुधा व्यंजनावर आपटतात. 'हेड', 'पॉट', 'मिल्क' यांच्यावर झील ओढूनच बघा, घशात अडकते. म्हणून शेवटी गो, डे, मी, यू, स्काय असे उघडे शब्द शोधायचे. यमक नाही जुळलं तरी चालेल, पण स्वर उघडा हवा.

लावणी घेत असाल तर तिला इंग्लिश करू नका. अदा डोळ्यांनी कळते. वाटलं तर मावशीनं आधी एकच वाक्य सांगावं, ही बाई कोणावर आणि का रुसली आहे. बस.

वेळेची आखणी आमची अशी होती: सलामी-गण चार मिनिटं, गवळण चोवीस, लावणी पाच, वग अठरा, मुजरा दोन. एकूण 53. स्वतंत्र बतावणी गेली, तिचा माल पेंद्याच्या दुभाषेगिरीत मुरला. उरलेली दोन मिनिटं हशासाठी आहेत, ती कुठंही खर्च करू नका. एकाच रंगमंचावर मागोमाग दुसरा खेळ असतो, मधे पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यात तुम्ही सामान उचलायचं आणि त्यांनी मांडायचं. तेव्हा मावशीला आवरायची खूण हवी. आमच्याकडे हलगीवाला 28व्या मिनिटाला एक ठरलेला तुकडा वाजवतो. त्यानंतर मावशीला फक्त एक वाक्य बोलायची मुभा.

सभागृहात मराठी माणसं असणारच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे, त्यामुळे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत कोणीही येतं. ते कृष्णाच्या मराठीवर आधीच हसतात आणि बाकीच्यांना आपण बाहेर राहिलो असं वाटतं. पेंद्यानं त्या कोपऱ्याकडे संशयानं बघून म्हणावं, "दोज फाइव्ह पीपल नो. प्लीज, डोन्ट आस्क देम." मग मध्यंतर नसलं तरी शेजारचा त्यांना विचारतोच, आणि पेंद्याची लबाडी आणखी उघडी पडते. हवं तेच होतं.

नटांनी इंग्लिश आपल्याच उच्चारात बोलावी. साहेबी वळण नको आणि साहेब करतात तशी भारतीय उच्चाराची नक्कल तर मुळीच नको. फक्त वेग साधारण तीन चतुर्थांशावर आणा आणि माइकवर स्पष्ट येतंय का ते तांत्रिक तालमीत मागच्या रांगेत माणूस बसवून तपासा. ढोलकी चालू असताना बोललेलं इंग्लिश वाक्य मागं पोचत नाही. मराठी पोचतं, कारण आपण अर्धं अंदाजानं भरतो.

आणि हलगी. तिथल्या दमट हवेत चामडं सैल पडतं आणि प्रेक्षागृहाच्या आत जाळ करू देत नाहीत. आम्ही केस वाळवायचं यंत्र नेलं होतं, विंगेत गण सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी हलगी त्यावर शेकायची. प्लगचा जोड इथूनच घेऊन जा, ऐन वेळी तिथं शोधत बसू नका.